सहा डिसेंबरचं भोजनदान: पाच हजार माणसांच्या खिचडीबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ला दिल्लीत झालं आणि ७ तारखेला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून दरवर्षी या दिवसांत चैत्यभूमीवर लोक येतात. विदर्भ-मराठवाड्यातून निघालेली माणसं पाच तारखेपासूनच दादरला उतरू लागतात. शिवाजी पार्कवर ठिकठिकाणी भोजनदान चालू असतं. आपल्या वस्तीतूनही काढावं असं बऱ्याच मंडळांच्या मनात येतं, आणि मग नोव्हेंबरपासून आमच्याकडे तेच ते प्रश्न सुरू होतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरण एकच धरलं आहे: नायगावच्या बाजूला एका हॉलमध्ये स्वयंपाक, शिवाजी पार्कवर वाटप, पाच तारखेची रात्र, सुमारे पाच हजार ताटं.

रात्रीच का? दुपारी जास्त लोक असतात ना?

लोक दुपारी जास्त असतात, पण अन्नही दुपारीच जास्त असतं. सहा तारखेला अकरा ते तीनच्या दरम्यान मैदानावर पावलापावलावर कोणी ना कोणी पुरी-भाजी, पुलाव, केळी वाटत असतं, आणि अर्धवट खाल्लेल्या पत्रावळींचे ढीगही त्याच वेळी दिसतात. रात्री अकरानंतर चित्र बदलतं. दिवसभर गाडीत बसून आलेला माणूस उतरतो, सोबत म्हातारी आई, लहान मूल, डब्यातल्या भाकरी संपलेल्या, आणि वाटपाची बहुतेक टेबलं आवरलेली. अकरा ते पहाटे साडेचार ही वेळ आम्ही धरतो ती म्हणून. नवीन मंडळ असेल तर आधी एक वर्ष नुसतं रात्रभर मैदानात फिरून पाहावं. कुठल्या वेळी कोण उपाशी आहे ते दिसलं की बाकीचे अर्धे निर्णय आपोआप होतात.

जेवण म्हणजे नुसती खिचडी? भाजी-पोळी, गोड काही नको?

नको. दुसरा पदार्थ आला की वाढपी दुप्पट लागतात आणि रांगेचा वेग जवळजवळ अर्धा होतो, कारण माणूस दोनदा थांबतो. पुऱ्या पाच हजारांसाठी तळायच्या तर तेलाची कढई रात्रभर पेटती ठेवावी लागते, आणि थंड पुरी चिवट होते. खिचडीत भात, डाळ, भाजी एकाच टोपात असते, एका द्रोणात बसते, उभ्याने खाता येते आणि दात नसलेल्यांनाही चालते. सोबत लोणच्याची फोड द्यायची असेल तर ती द्रोण हातात देण्याआधीच आत टाकलेली असावी.

दही, ताक, खीर, ओलं खोबरं, वरून भुरभुरलेली कच्ची कोथिंबीर यातलं काहीही नको. ओल्या खोबऱ्याबद्दल दरवर्षी कोणीतरी हट्ट धरतं. चव येते हे खरंच आहे, पण गरम अन्नावर पडलेलं खोबरं दोन-तीन तासांत आंबूस होतं आणि सगळा टोप बदनाम करतं.

पाच हजार माणसांना तांदूळ किती?

माणशी शंभर ग्रॅम कोरडं धान्य धरा, म्हणजे तांदूळ आणि डाळ मिळून. शिजल्यावर भाजी-पाण्यासकट त्याचे चारशे-सव्वाचारशे ग्रॅम होतात आणि एका मोठ्या माणसाचं पोट भरतं. पाच हजारांना पाचशे किलो.

पण हा आकडा दुकानात द्यायचा. स्वयंपाकघरात तो कोणी डोक्यात ठेवू नये. तिथे मोजायचा तो टोप. आमचा एक टोप म्हणजे २२ किलो तांदूळ, ८ किलो मूगडाळ, तीनशे ताटं. असे १७ टोप म्हणजे ५,१०० ताटं. पाच हजारांचा स्वयंपाक कधीच करायचा नसतो. तीनशेंचा स्वयंपाक सतरा वेळा, ठरावीक अंतराने करायचा असतो. पुढची सगळी उत्तरं यावरच उभी आहेत.

त्यापेक्षा मोठा टोप घेतला तर? साठ किलोचा मिळतो.

मिळतो, आणि अनुभवी आचारी त्यात उत्तम शिजवतोही. पण दोन अडचणी येतात. साठ किलो धान्याचा भरलेला टोप अडीचशे किलोच्या पुढे जातो. तो आचेवरून उतरवताना आणि टेंपोत चढवताना माणसं भाजतात. दुसरं म्हणजे खोल टोपात तळ आणि वरचा थर यांत फार फरक पडतो. वर तांदूळ उकलेपर्यंत खाली करपतो. तीस किलोचा टोप शिजल्यावर सुमारे १३० किलो भरतो. दांडा घालून चार जणांना तो उचलता येतो आणि एका माणसाचं लांब उलथणं तळापर्यंत पोचतं.

एका टोपाचं प्रमाण सविस्तर सांगाल का?

२२ किलो जुना कोलम आणि ८ किलो सालं काढलेली मूगडाळ, दोन्ही वेगवेगळी धुऊन वीस मिनिटं भिजवून निथळलेली. तेल सव्वा लिटर. मोहरी १०० ग्रॅम, जिरं १५० ग्रॅम, हिंग २५ ग्रॅम, हळद १०० ग्रॅम, कढीपत्ता मूठ-दोन मुठी. आलं ४०० ग्रॅम आणि हिरवी मिरची ३०० ग्रॅम, जाडसर वाटून. बटाटा ४ किलो, मटार ३ किलो, गाजर २ किलो. मीठ एक किलोला थोडं कमी. पाणी ९० लिटर, तेही कढत.

घरच्या प्रमाणाला गुणून हे आकडे येत नाहीत. मिरची आणि गरम मसाला घरच्या हिशोबाच्या साठ-सत्तर टक्केच पुरतो. मोठ्या टोपात वाफ कमी उडते आणि वास आतच कोंडून राहतो. शिवाय खाणाऱ्यांत लहान मुलंही असतात. पाण्याचंही तसंच. घरी खिचडीला चौपट पाणी घालणारी बाई इथे चौपट घालेल तर पेज होईल.

सगळ्यात उपयोगी सवय म्हणजे आदल्या दिवशी सतरा पिशव्या भरून ठेवणं. प्रत्येक पिशवीत एका टोपाचं मीठ, हळद, हिंग, मोहरी, जिरं, वजन करून. रात्री दोन वाजता कोणीही अंदाजाने मीठ टाकू नये. एका टोपाला मीठ दोनदा पडलं तर तीनशे माणसांचं जेवण गेलं. रिकामी पिशवी त्या टोपाच्या भट्टीला बांधायची, म्हणजे मीठ पडलं की नाही हे विचारावं लागत नाही.

जुनाच तांदूळ का? नवा तर स्वस्त असतो.

कारण डिसेंबर आहे. खरिपाचं भात नुकतंच निघालेलं असतं आणि बाजारात नवा तांदूळ उतरतो. नव्या तांदळात ओल जास्त असते, तो पाणी कमी पितो आणि लवकर फुटून चिकटतो. घरी दोन वाट्यांना हे चालून जातं. टोपात खालचा अर्धा भाग लगदा होतो, लगद्यातून वाफ वर येत नाही, वरचा तांदूळ कच्चा राहतो आणि तळ लागतो. दुकानदाराला ‘निदान वर्षाचा जुना कोलम’ असं स्पष्ट सांगा आणि घेण्याआधी किलोभर घरी शिजवून पाहा. बासमती खिचडीला वाया जातो.

लोक पाच-पाच किलो तांदूळ दान आणून देतात. तो वापरायचा की नाही?

जरूर वापरायचा, पण एका टोपात मिसळायचा नाही. कोणाचा कोलम, कोणाचा रेशनचा, कोणाचा आंबेमोहर. प्रत्येकाची शिजायची वेळ निराळी, त्यामुळे एकत्र घातले की एक विरघळतो आणि दुसरा कचकच लागतो. पिंपांवर नावं घालून प्रकाराप्रमाणे वेगळे करा. ज्याचे २२ किलो भरतील त्याचा एक टोप. उरलेला वस्तीतल्या गरजू घरांना द्या.

रेशनच्या तांदळात काही दाणे जरा वेगळे, पिवळट किंवा जास्त पांढरे दिसतात आणि धुताना तरंगतात. ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून निवडून फेकायची हौस सगळीकडे आहे. ते लोह आणि जीवनसत्त्वं मिसळून बनवलेले पोषक दाणे असतात. राहू द्या.

डाळ शिजायलाच तयार नसते, असं का होतं?

बहुधा पाण्यामुळे. महापालिकेचं पाणी तलावांचं, म्हणजे मऊ असतं. त्यात मूगडाळ तांदळाबरोबरच शिजते. हॉलला पाणी कमी पडलं आणि बोअरवेलचा टँकर आला की घोटाळा होतो. जड पाण्यात डाळीचा दाणा टणक राहतो. टँकर मागवावाच लागला तर ते पाणी धुण्याभांड्याला वापरा आणि शिजवण्यापुरतं नळाचं पाणी पिंपात भरून ठेवा. सतरा टोपांना सुमारे १,५०० लिटर लागतं.

तूरडाळ घेतली असेल तर ती वेगळी शिजवावी लागते. टोमॅटो, चिंच असलं काही आंबट डाळ मऊ होण्याआधी टोपात पडता कामा नये. आम्ही टोमॅटो घालतच नाही.

शिजवायची पद्धत आणि वेळ?

एका टोपाला पेटवल्यापासून उतरवेपर्यंत ८० मिनिटं. फोडणी आणि भाजी परतायला बारा-पंधरा मिनिटं. मग कढत पाणी ओतायचं, खळखळून उकळी आली की मीठ आणि धान्य. यानंतर तांदूळ वर तरंगेपर्यंत तळापासून हलवत राहायचं. पाण्याची पातळी धान्याच्या जवळ आली, पृष्ठभागावर भोकं पडून त्यांतून वाफ फुसफुसू लागली की हलवणं बंद. आच अगदी मंद, झाकण, झाकणावर ओलं पोतं, वीस मिनिटं दम.

उतरवताना खिचडी तुम्हाला आवडते त्यापेक्षा सैल दिसली पाहिजे. प्रवासात आणि वाट पाहण्यात तांदूळ पाणी पीतच राहतो. हॉलमध्ये छान घट्ट वाटलेली खिचडी मैदानात पोचेपर्यंत डावाला चिकटून वडी होते. नवीन आचाऱ्याशी इथेच वाद होतात.

पाणी गरम करायला दोन भट्ट्या वेगळ्या ठेवा. गार पाणी ओतलं तर ९० लिटरला उकळी यायला पाऊण तास जाऊ शकतो आणि सगळं वेळापत्रक कोलमडतं. अर्ध्या शिजलेल्या टोपाला पाणी कमी पडलं तरी उकळतंच घालायचं. गार पाण्याने शिजणं अडतं, तळ मात्र तापलेलाच असतो.

टोप तळाला लागला हे कसं ओळखायचं, आणि मग काय करायचं?

आधी कानाला कळतं. खदखद बंद होऊन तडतड सुरू होते. मग उलथणं तळाशी ओढताना खरखरतं. वास सगळ्यात शेवटी येतो, आणि तो वर आला म्हणजे उशीर झालेला असतो. तडतड ऐकली की आच बंद. तळाला उलथणं लावायचं नाही. वरची खिचडी हलक्या हाताने दुसऱ्या टोपात काढायची आणि तळचा चार बोटं थर सोडून द्यायचा. घाबरून ढवळलं की करपट वास पूर्ण १३० किलोला लागतो. म्हणून एक रिकामा टोप कायम हाताशी असावा.

भट्ट्या किती आणि गॅस किती लागतो?

चार भट्ट्या शिजवायला, दोन पाण्याला. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा हिशोब टोपामागे साडेतीन किलो धरला तर सतरा टोपांना चारेक सिलिंडर पुरतात. आम्ही सहा ठेवतो. मोठ्या आचेवर सिलिंडर बाहेरून गार पडतो, त्यावर दव किंवा बर्फ धरतो आणि आत गॅस असूनही ज्योत बसते. त्याला गरम पाण्यात ठेवणं किंवा आडवा पाडणं हे दोन्ही जीवघेणे उपाय लोक सर्रास करतात. दोन सिलिंडर जोडून एकत्र चालवा, म्हणजे एकावर ओढ पडत नाही. सिलिंडर भट्टीपासून लांब, मोकळ्या हवेत, उभेच.

वेळापत्रक कसं आखायचं?

उलटं, रांगेकडून. वाटपाच्या एका टेबलावर चांगला वाढपी मिनिटाला आठ द्रोण देतो. पहिल्या पाच मिनिटांत तो बारा देईल, त्यावर हिशोब करू नका. दोन टेबलं म्हणजे मिनिटाला सोळा. तीनशे ताटांचा टोप एकोणीस मिनिटांत संपला.

आता स्वयंपाकघराकडे पाहा. टोपाची ८० मिनिटं आणि भांडं घासून पुन्हा चढवायची दहा धरून भट्टीला दीड तास लागतो. चार भट्ट्या एकदम न पेटवता पाळीपाळीने पेटवल्या तर दर बावीस मिनिटांना एक टोप उतरतो. म्हणजे रांग दर टोपामागे तीन मिनिटं पुढे पळते. सतरा टोपांत ही तूट जवळजवळ तासाची होते. ती भरून काढायला वाटप सुरू करताना तीन टोप तयार हवेत.

घड्याळात बसवू. पहिली भट्टी साडेआठला. टोप उतरतात ९:५०, १०:१२ आणि १०:३४ला. मैदानात पोचायला अर्धा तास. रांग अकराला सुरू. सतरावा टोप २:२२ला चढतो, ३:४२ला उतरतो आणि साडेचारच्या सुमारास संपतो. पहिला टोप झाकणाखाली तासभर थांबतो, तेवढं चालतं.

तिसरं टेबल लावावं असं रांग पाहून वाटतंच. लावलं की टोप तेरा मिनिटांत संपतो, स्वयंपाकघर बावीसलाच देतं, आणि तासाभरात रिकाम्या टोपापुढे लांबलचक रांग उभी राहते. गर्दी चिडते ती हळू चालणाऱ्या रांगेने नाही, थांबलेल्या रांगेने. भट्ट्या वाढवल्याशिवाय टेबल वाढवू नका.

शेवटचे टोप चढवायचे की नाही, हे कधी ठरवायचं?

हा या कामातला सगळ्यात अवघड निर्णय, कारण तो जवळजवळ दोन तास आधी घ्यावा लागतो: ८० मिनिटं शिजायला, ३० पोचायला. रात्री दोनची परिस्थिती पाहू. मैदानात दीड टोप शिल्लक, एक वाटेत, तीन आचेवर. एकूण साडेपाच, म्हणजे १,६५० ताटं. रांग अजून मिनिटाला सोळाने चालली असेल तर हे पावणेचारपर्यंत पुरेल. आत्ता चढवलेला सोळावा टोप ३:५०ला पोचेल. तेव्हा चढवायचाच.

पण रांग मंदावून मिनिटाला आठवर आली असेल, तर तीच १,६५० ताटं जवळजवळ साडेपाच वाजेपर्यंत पुरतील. अशा वेळी सोळावा चढवणं म्हणजे सकाळी फेकायला शिजवणं. धान्य कोरडं आहे, ते परत वाण्याला देता येतं किंवा विहारात ठेवता येतं. शिजलेलं कुठेच ठेवता येत नाही.

हा निर्णय स्वयंपाकघरातल्या माणसाने घेऊ नये, त्याला रांग दिसत नाही. मैदानातल्या एकाच व्यक्तीने दर अर्ध्या तासाला आकडा फोनवर कळवायचा. ‘खूप गर्दी आहे’ हा आकडा नव्हे.

मिनिटाला किती गेले हे मोजायचं कसं?

द्रोणांवरून. द्रोण पन्नासच्या गठ्ठ्यात येतात. गठ्ठा फोडला की त्याचं वेष्टण टेबलाखालच्या खोक्यात टाकायचं, अर्ध्या तासाने वेष्टणं मोजायची. याचा दुसरा फायदा मोठा आहे. एका टोपात सहा गठ्ठे संपले पाहिजेत. साडेचारच गठ्ठ्यांत टोप खरवडला तर वाढप्याचा हात सैल सुटलाय. पहाटेच्या लोकांचं अन्न तो आत्ताच वाटतोय. सात गठ्ठे गेले तर लोकांना अर्धपोटी पाठवतोय. भरून दोन डाव हे माप आधी तराजूवर बघून ठरवा आणि दोन्ही टेबलांवर डाव एकाच मापाचे ठेवा. ज्याला आणखी हवं तो पुन्हा येऊ शकतो, हे मात्र मोठ्याने सांगत राहायचं.

द्रोण पानांचे किंवा उसाच्या चिपाडाचे घ्या. थर्माकोल आणि एकदा वापरायच्या प्लॅस्टिकच्या ताटवाट्यांवर महाराष्ट्रात २०१८पासून बंदी आहे.

रांग कशी लावायची?

शेपटी एकच, टेबलापाशी दोन फाटे. दोन वेगळ्या रांगा लावल्या की लोक सारखे उड्या मारतात. रांगेची शेपटी दर्शनाच्या रांगेला छेदता कामा नये. तिथे व्यवस्था पाहणाऱ्या समता सैनिक दलाच्या कार्यकर्त्यांना आणि पोलिसांना आधी भेटून आपली रांग कुठे वळवायची ते विचारून घ्या.

टोप संपत आला की एक कार्यकर्ता रांगेत उतरतो, माणसं मोजत जातो आणि हातातला टोप जिथपर्यंत पुरेल तिथे निळा झेंडा घेऊन उभा राहतो. त्याच्या पुढच्यांना लगेच मिळतं. मागच्यांना तो खरं सांगतो: ‘दादा, पुढचा टोप दहा मिनिटांत येतोय, बसून घ्या.’ लोक बसतात. खोटं सांगितलं तर बसत नाहीत.

म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बायका यांना रांगेत उभंच करायचं नाही. दोन मुली परातीत दहा-दहा द्रोण घेऊन जिथे बसलेत तिथे नेऊन देतात. दर्शनाच्या रांगेतल्यांना खिचडी देऊ नका. ते जागा सोडू शकत नाहीत आणि हातातल्या द्रोणाचं काय करायचं हा प्रश्न पडतो. तिथे केळी बरी.

नायगावहून शिवाजी पार्कपर्यंत अन्न न्यायचं कसं?

रूळ ओलांडायला पूल आहे, आणि त्या दोन दिवसांत पार्काभोवतीच्या रस्त्यांवर वाहतुकीचे निर्बंध असतात. टेंपो कुठपर्यंत जाईल हे त्या वर्षीच्या पोलीस सूचनेत पाहा. शेवटचा तुकडा हातगाडीवर जातो हे धरूनच चाला. टोपाच्या तोंडाला कापड, त्यावर झाकण, झाकण दोरीने कडीला बांधलेलं, भोवती पोती. टेंपोत टोपाखाली जुने टायर ठेवले तर घसरत नाही. गाडीमागे दोघं हवेत. एक ढकलायला, दुसरा फक्त ‘गरम आहे, बाजूला व्हा’ ओरडायला.

अन्न खराब होण्याची भीती कितपत खरी आहे?

खरी आहे, पण लोक समजतात त्या ठिकाणी नाही. १३० किलोचा झाकलेला टोप सहज दोन-अडीच तास कढत राहतो. ६० अंश सेल्सिअसच्या वर अन्न आहे तोवर जंतू वाढत नाहीत. धोका सुरू होतो टोप पाव उरल्यावर. झाकण उघडं, अन्न थोडं, समुद्राचा वारा, त्यामुळे ते भराभर कोमट होतं. तांदळात एका जंतूचे बीजाणू असतात. ते उकळूनही मरत नाहीत, आणि कोमट भातात पुन्हा जागे होऊन वाढतात. वाढताना ते जे विष सोडतात, त्यातलं उलट्या करवणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. ‘परत उकळी दिली की झालं’ हे भाताच्या बाबतीत चूक आहे.

याचे तीन नियम निघतात. उरलेल्या खिचडीवर नवीन टोप ओतायचा नाही. आधीचा पूर्ण संपवायचा किंवा बाजूला काढायचा. टोप उतरल्यापासून दोन तासांत वाटून संपला पाहिजे, म्हणून झाकणावर खडूने वेळ लिहायची. आणि अन्नात खुपसायचा थर्मामीटर मैदानात हवाच. ६०च्या खाली गेलं की वाटप बंद.

रात्रीची खिचडी सकाळी देऊ का, हेही विचारतात. नाही. इतका मोठा टोप आपोआप गार व्हायला अख्खी रात्र लागते, आणि त्या रात्रीचे कित्येक तास ती नेमकी जंतूंना हव्या त्या उबेत असते. वास येत नसला तरी.

कार्यकर्ते किती लागतात?

हॉलमध्ये पंधरा, वाहतुकीला आठ, मैदानात वीस, आणि हे सगळे दोन पाळ्यांत. वाढप्याचा हात अर्ध्या तासाने बदला. मनगट दुखू लागलं की डाव आपोआप लहान होतो. पहाटे तीन ते चार ही सगळ्यात वाईट वेळ. भाजणं, सांडणं, मीठ विसरणं याच तासात होतं. दुसऱ्या पाळीतले लोक दीडला उठवा, तीनला नको.

जुलाब, उलटी, ताप, हाताला पिकलेली जखम किंवा गळू असणाऱ्याने अन्नाला हात लावायचा नाही. त्याला रांगेवर उभं करा. हे कोणाला अपमानाचं वाटू नये म्हणून कामं वाटण्याआधीच सगळ्यांना एकदम विचारा.

परवानग्या कुठल्या?

जागेसाठी महापालिकेचं जी उत्तर विभाग कार्यालय, शिवाय पोलीस. अन्न शिजवून वाटणार असाल तर अन्नसुरक्षा नोंदणी. कंत्राटी आचारी घेतला तर त्याचाही परवाना पाहा. मैदानात आग पेटवायचा विचार सोडून द्या. हे सगळं नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच हातात घ्या.

उष्टं आणि भांडी?

टेबलापासून वीस पावलांवर, खाऊन संपेल तिथे मोठी पिंपं. टेबलाशेजारी ठेवलीत तर लोक तिथेच उभं राहून खातात आणि रांग अडते. ओला कचरा वेगळा भरून महापालिकेच्या गाडीला द्या.

हॉलमध्ये रिकामा टोप आला की लगेच कढत पाणी भरून ठेवायचा. तासभर वाळलेला भात खरवडायला दोन माणसं लागतात. धुण्याचं पाणी गटारात ओतण्याआधी चाळणीतून किंवा जुन्या साडीतून गाळा. सतरा टोपांचे भाताचे कण चेंबरमध्ये फुगून बसतात, आणि पुढच्या वर्षी हॉल मिळत नाही तो बहुधा याच कारणाने.